आकृत्या जुळवताना: रेघेची जाडी शेजारच्या रेघेशी ताडून पाहा

दर रविवारी सकाळी नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या घरी सात-आठ पोरं येतात. पाचवीतली, नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी. नागपूर जिल्ह्याचं नवोदय नवेगाव खैरीला आहे, आणि त्या दारातून आत जायचं तर 80 प्रश्नांपैकी 40 प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे निव्वळ आकृत्यांचे. 100 पैकी 50 गुण त्यांचे. त्यातला 'डावीकडच्या आकृतीसारखीच हुबेहूब आकृती शोधा' हा प्रकार पोरांना सगळ्यात सोपा वाटतो. न फिरवायचं, न उलटवायचं, नुसतं जुळवायचं. आणि नेमके तिथेच गुण जातात.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका प्रश्नाला सातपैकी चौघांनी 'ए' लिहिलं. उत्तर 'सी' होतं. मी नेहमीचं बोललो, "नीट बघत नाही तुम्ही." त्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, बघितलं न जी. ए मध्ये पण खालची रेघ जाडच दिसून राहिली." मी तिची झेरॉक्स हातात घेतली, मग मूळ पुस्तक काढलं, आणि गप्प झालो. तिच्या कागदावर ती रेघ खरंच जाड होती. पुस्तकात नव्हती.

तो प्रश्न शब्दांत सांगतो. जमलं तर वाचता वाचता कागदावर काढून घ्या, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

प्रश्नाकृती म्हणजे दीड सेंटिमीटरचा एक चौरस. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण गेलेला. त्यामुळे दोन त्रिकोण झाले. वरच्या उजव्या त्रिकोणात पाच तिरप्या रेघा, कर्णाला काटकोनात. खालच्या डाव्या त्रिकोणात एक छोटा गोल, त्याचा डावा अर्धा भाग काळा. आणि चौरसाची खालची बाजू उरलेल्या तिन्ही बाजूंपेक्षा जाड. पर्याय चार, एका ओळीत: ए, बी, सी, डी. पहिल्या नजरेला चारही सारखे.

एका नजरेत आकृती मावत नाही

पोरं काय करतात? प्रश्नाकृतीकडे बघतात, मग 'ए' कडे, मग 'बी' कडे, आणि "सारखंच तर आहे" म्हणतात. यात त्यांचा आळस नाही. डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतं ते नजरेच्या मधल्या साधारण दोन अंशांत. वाचायला कागद धरतो त्या तीस सेंटिमीटर अंतरावर हे दोन अंश म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. आकृती दीड सेंटिमीटरची. म्हणजे गोल बघताना वरच्या रेघा धूसर, रेघा बघताना खालची बाजू धूसर. आणि नजर एका आकृतीवरून दुसरीवर जाते तेव्हा पहिली आकृती समोर राहत नाही, तिची आठवण राहते. आठवणीत 'तिरप्या रेघा होत्या' एवढं टिकतं. पाच होत्या की चार, हे टिकत नाही.

म्हणून पहिलं काम: प्रश्नाकृतीचं तोंडी वर्णन. मनातल्या मनात, पण शब्दांत. आमच्याकडे तिरप्या रेघांना दोनच नावं आहेत. डावीकडून उजवीकडे जाताना वर जाते ती 'चढती', खाली येते ती 'उतरती'. 'डावीकडे झुकलेली', 'उजवीकडे झुकलेली' हे शब्द मी बंद केले, कारण झुकणं वरच्या टोकाचं धरायचं की खालच्या, यावरच पोरांची भांडणं व्हायची. वरच्या आकृतीचं वर्णन असं: "कर्ण उतरता. पाच रेघा चढत्या. गोल डावीकडून काळा. तळ जाड." चार तुकडे झाले. यापेक्षा लांब वर्णन परीक्षेत कोणी करत नाही, करूही नये.

एक तुकडा, चार पर्याय

आता पूर्ण आकृती पूर्ण आकृतीशी जुळवायची नाही. एकच तुकडा घ्यायचा आणि तो चारही पर्यायांत ओळीने बघायचा. पेनाचं टोक त्या जागेवर नेत जा, कागदाला न टेकवता. आधी फक्त गोल: ए डावीकडून काळा, बी उजवीकडून, सी डावीकडून, डी डावीकडून. बी वेगळा पडला. मगच मान वळवून प्रश्नाकृती बघायची: डावीकडून काळा. बी गेला.

पर्याय एकमेकांशी ताडण्यामागे कारण आहे. प्रश्न काढणारा माणूस मूळ आकृतीच्या तीन प्रती घेतो आणि प्रत्येकीत कुठेतरी एक बदल करतो. बदल वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येक जागी तीन पर्याय एकसारखे आणि एक फटकून, असंच दिसणार. फरक कुठे आहे हे पर्यायच सांगतात. मात्र बरोबर कोण, हे प्रश्नाकृतीलाच विचारायचं. कधीकधी एकच जागा दोन पर्यायांत बदललेली असते, मग दोन विरुद्ध दोन होतं. तिथे 'जास्त जणांचं तेच खरं' असं धरलं की घोटाळा झालाच समजा.

तुकड्यांचा क्रमही ठरलेला असावा. आधी काळं-पांढरं, मग रेघांची दिशा, मग संख्या, आणि जाडी सगळ्यात शेवटी. छपाईत जे सगळ्यात कमी बिघडतं ते आधी. काळा अर्धा भाग झेरॉक्समध्ये पांढरा होत नाही, चढती रेघ उतरती होत नाही. संख्या कधीकधी बिघडते. जाडी मात्र हमखास बिघडते.

रेघा मोजायच्या कुठे

दाट रेघा मधोमध मोजायला गेलं की चौथी-पाचवीच्या आसपास नजर घसरते आणि तीच रेघ दोनदा मोजली जाते, नाहीतर एक सुटते. रेघा जिथे एखाद्या सरळ कडेला टेकतात तिथे मोजा. आपल्या आकृतीत प्रत्येक रेघ कर्णावरून निघते. म्हणून पेनाचं टोक कर्णावरून वरून खाली न्यायचं आणि प्रत्येक सांध्याला एक आकडा म्हणायचा. दुसऱ्या टोकाकडून मोजू नका. तिथे काही रेघा वरच्या बाजूला टेकतात, काही उजव्या बाजूला, आणि कोपरा वळताना मोजणी चुकते.

असं मोजलं तर ए मध्ये पाच, सी मध्ये पाच, डी मध्ये चार. रेघा दाट असतील आणि मोजणीवर भरवसा नसेल तर पहिली रेघ कोपऱ्यापासून किती लांब आहे ते बघा. डी मध्ये चार रेघा तेवढ्याच जागेत पसरल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यातली अंतरं जरा मोठी होती. हे एकदा डोळ्याला कळलं की मोजायच्या आधीच संशय येतो.

बी गेला, डी गेला. उरले ए आणि सी. इथेच आमची चार पोरं अडकली होती.

जाडी: ज्या आकृतीत रेघ, त्याच आकृतीत ताडा

ए आणि सी मध्ये फरक फक्त तळाच्या रेघेचा. सी मध्ये तळ जाड, ए मध्ये तळ बाकीच्या बाजूंसारखाच बारीक. पुस्तकात बारीक रेघ अर्ध्या पॉइंटची असेल तर ती सुमारे 0.18 मिलिमीटर, आणि एक पॉइंटची जाड रेघ 0.35 मिलिमीटर. फरक 0.17 मिलिमीटरचा. तीस सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण 0.09 मिलिमीटरचा तपशील वेगळा काढता येतो. म्हणजे हा फरक दिसण्याजोगा आहे, पण फार ऐसपैस नाही. छपाईने थोडा जरी खाल्ला तरी संपतो.

आमच्या झेरॉक्सवर तो कसा संपला? प्रश्न पुस्तकाच्या उजव्या पानावर होता. चार पर्यायांत 'ए' सगळ्यात डावीकडे, म्हणजे शिवणीच्या जवळ. पुस्तक काचेवर उपडं ठेवलं की शिवणीजवळचं पान काचेला नीट टेकत नाही, तिथे सावली पडते आणि रेघा फुगून पसरतात. त्यामुळे 'ए' मधली प्रत्येक रेघ जाड झाली होती, तळाचीही. पोरांनी काय केलं, तर ए चा तळ सी च्या तळाशी ताडला. दोन्ही सारखेच जाड! त्यांच्या डोळ्यांनी त्यांना खरं तेच सांगितलं होतं.

ताडायला हवं होतं ए चा तळ ए च्या डाव्या बाजूशी. मग लगेच दिसलं असतं की ए मध्ये तळही जाड आणि बाजूही तेवढीच जाड, म्हणजे तळाला वेगळेपण काही नाही. सी मध्ये बाजू बारीक आणि तळ तिच्या दुप्पट. प्रश्नाकृतीतही तळ बाजूच्या दुप्पट. शाई कमी-जास्त झाली, पान एका बाजूला फिकं आलं, सगळी आकृती फुगली, तरी एकाच आकृतीतल्या दोन रेघांमधलं नातं बहुतेक वेळा शाबूत राहतं. माझ्या पोरांना मी एवढंच विचारतो: "तळ कोणापेक्षा जाड?" उत्तर "बीपेक्षा" आलं तर परत बघ. उत्तर "स्वतःच्या बाजूपेक्षा" आलं तर पुढे चल.

बघायची जागासुद्धा ठरवून घ्या: खालचा कोपरा, जिथे तळ आणि बाजू भेटतात. दोन्ही रेघा एकाच नजरेत मावतात आणि फरक तिथे सगळ्यात उघडा पडतो. सांध्यावर शाईचा ठिपका साचलेला असू शकतो, म्हणून अगदी टोकावर न थांबता दोन-तीन मिलिमीटर मागे सरकून बघायचं. रेघ चौकटीच्या मधोमध एकटी असेल तर जवळचा कर्ण किंवा गोलाची कड मापाला घ्यावी.

राखाडी छटेलाही हाच नियम. राखाडी भाग छापताना मुळात काळे ठिपकेच असतात, फक्त विरळ. झेरॉक्स यंत्र ते एक तर काळ्यात ढकलतं नाहीतर पुसून टाकतं. त्यात राखाडीच्या शेजारी काळं असलं की तीच छटा फिकट वाटते, शेजारी पांढरं असलं की गडद. म्हणून दोन पर्यायांतल्या राखाडी छटा ताडताना दोन्ही हातांच्या बोटांनी आजूबाजूचा भाग झाकून फक्त तो तुकडा उघडा ठेवा. तरीही खात्री नसेल तर छटेवर निकाल देऊ नका, आकृतीत दुसरा फरक शोधा. लहान मुलांच्या प्रश्नपत्रिकेत केवळ राखाडीच्या दोन छटांवर उत्तर ठरणारा प्रश्न मी तरी फार क्वचित पाहिला आहे. काळा, पांढरा, रेघांचा, ठिपक्यांचा, असेच प्रकार असतात.

फरक प्रश्न काढणाऱ्याने केला की छपाईने?

सी मध्ये एक गंमत होती. पाच तिरप्या रेघांपैकी मधली एक दोन ठिकाणी तुटलेली. दोन हुशार पोरांनी त्याच कारणावरून सी खोडला होता: "सर, ही तुटक रेघ आहे." कारण चुकीचं, पण निरीक्षण पक्कं, म्हणून मी त्यांना रागावलो नाही. तुटक रेघ मुद्दाम काढलेली असते तेव्हा तिचे तुकडे आणि मधल्या फटी एकसारख्या असतात. छपाईत तुटलेल्या रेघेच्या फटी वेड्यावाकड्या असतात, एक लांब तर एक टिचभर. टोकंही झिजलेली दिसतात. तशीच मुद्दाम काढलेली जाड रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी जाड असते. शाई पसरलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक.

दुसरी खूण आकृतीच्या बाहेर असते. पर्यायाखालचं अक्षर बघा. आमच्या कागदावर ए खालचं अक्षरसुद्धा बाकीच्या अक्षरांपेक्षा ठळक आणि पसरट आलं होतं. अक्षर फुगलं असेल तर आकृतीही फुगलीच आहे. यंत्राच्या ड्रमवर ओरखडा असेल तर पानभर एकच उभी पांढरी किंवा काळी पट्टी जाते. वरच्या आणि खालच्या प्रश्नातही त्याच रांगेत ती दिसली तर ती आकृतीची नाही. प्रश्न काढणारा एका वेळी एकच आकृती बिघडवतो, यंत्र मात्र वाटेत येईल ते बिघडवतं.

फिरवलेल्या आणि आरशातल्या आकृतीत

जुळवणीत आकृती फिरत नाही. पण आरशातली प्रतिमा किंवा फिरवलेली आकृती असली की तिरप्या रेघांवरच सगळा खेळ असतो, म्हणून थोडं सांगतो. उभा आरसा बाजूला ठेवला तर चढती रेघ उतरती होते. उभ्या आणि आडव्या रेघांची दिशा बदलत नाही. पाव फेरा दिला तरीही चढती ती उतरती होते. पण अर्धा फेरा दिला, म्हणजे आकृती पूर्ण उलटी धरली, तर चढती रेघ चढतीच राहते! पोरांना हे पटत नाही. मी कागदावर एक चढती रेघ काढून कागद उलटा करायला लावतो. दोनदा करून बघतात, मग हसतात. परीक्षेत 'उलटी केली म्हणजे रेघाही उलट्या' म्हणून चुकीचा पर्याय निवडला जातो, तो यामुळेच.

कागदाचा दोष की डोळ्याचा

एक मुलगा सारखाच चढत्या-उतरत्या रेघांत चुकायचा. त्याला उतरत्या रेघा नेहमी बारीक आणि फिकट वाटत. कागद चांगला, पुस्तक मूळ. मी त्याला एक साधी गोष्ट करायला सांगितली. कागद पाव फेरा फिरव आणि परत सांग. फिरवल्यावर ज्या रेघा आधी त्याला ठळक दिसत होत्या, त्याच आता फिकट वाटायला लागल्या. फिकेपणा कागदाबरोबर फिरला असता तर दोष छपाईचा. इथे रेघा फिरल्या तरी फिकेपणा त्याच दिशेला राहिला, म्हणजे दोष डोळ्याचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सिलिंड्रिकल नंबर काढून दिला. एका दिशेच्या रेघा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या धूसर दिसणं हे त्या दोषाचं नेहमीचं लक्षण आहे. ही पाव फेऱ्याची चाचणी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी, एक डोळा झाकून करावी. मूल दोन्ही डोळ्यांच्या या चाचणीत ठीक निघालं म्हणून नंबर नाहीच असं मात्र समजू नका, ते डॉक्टरांनीच बघायचं.

आणि आई-बाबांनो, चाळिशी ओलांडली असेल तर चष्मा लावूनच पोरांचे पेपर तपासा. मी तो न लावता तपासलेले दोन पेपर नंतर परत बदलून द्यावे लागले आहेत.

सरावाचे कागद कसे काढायचे

त्या रविवारनंतर मी सीताबर्डीतून झेरॉक्स काढून आणण्याची पद्धत बदलली. झेरॉक्सची झेरॉक्स घ्यायची नाही. दर पिढीत बारीक रेघ तुटते आणि जाड रेघ फुगते. पुस्तक काचेवर ठेवताना शिवणीवर तळहाताने दाब द्यायला सांगायचा. एका कागदावर दोन पानं बसवून पैसे वाचवायचे नाहीत. तसं केलं की आकृती सुमारे 70 टक्क्यांवर येते आणि 0.18 मिलिमीटरची रेघ 0.13 वर. पीडीएफवरून छापत असाल तर छपाईच्या खिडकीत `Fit` ऐवजी `Actual size` निवडा. वॉट्सॅपवर प्रश्नाचा फोटो पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता `Document` म्हणून पाठवा, नाहीतर आकार दाबताना बारीक रेघाच आधी जातात.

काही वाईट प्रतीही मुद्दाम ठेवाव्यात. परीक्षेची प्रश्नपत्रिका झेरॉक्स नसते, पण ती पुस्तकाइतकी चकचकीतही नसते. मी तीन कागद चांगले देतो आणि चौथा जुना, फिक्या शाईचा.

वेळ

40 आकृत्यांसाठी सुचवलेला वेळ 60 मिनिटांचा, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. चार तुकडे, प्रत्येकाला दहा सेकंद, आणि उरलेला वेळ उत्तरपत्रिकेतला गोल रंगवायला. जुळवणीचा प्रश्न एका मिनिटात सुटला नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, पूर्ण आकृती पूर्ण आकृतीशी ताडणं पुन्हा सुरू झालेलं असतं. दोन पर्याय उरले आणि जाडीवर निकाल लागत नसेल तर प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण करून पुढे जा. परत आल्यावर आधी तो तुकडा बघायचा नाही. दोन्ही पर्यायांचे सगळे सांधे बघायचे: रेघ कडेला टेकते की जराशी अलीकडे थांबते. आपण ज्याला जाडीचा फरक समजत होतो तो कित्येकदा तिथे असतो. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी दोघांतला एक रंगवूनच यायचं.

उजेडाचंही बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, नाहीतर पेनाच्या टोकाची सावली नेमकी त्याच रेघेवर पडते जी मोजायची आहे. हिवाळ्यात सकाळी वर्गात ऊन तिरपं येतं. बाक बदलून मिळत नाही, पण कागद थोडा तिरका करता येतो.

ती मुलगी, जिने मला झेरॉक्स दाखवली होती, आता 'ए' ला हात लावायच्या आधी त्याच्या खालचं अक्षर बघते. परवा म्हणाली, "सर, ह्याचं अक्षर पण सुजून राहिलं जी."